स्टीयरिंग आपोआप ओढतंय? लेन असिस्टची तपासणी, फुकटच्या पायरीपासून कॅलिब्रेशनपर्यंत

बडोद्याच्या मकरपुऱ्यात आमचं व्हील अलाइनमेंट आणि कॅमेरा कॅलिब्रेशनचं, म्हणजे गाडीच्या कॅमेऱ्याची नजर नेमकी जुळवायचं, काम चालतं. गेल्या काही वर्षांत एकच तक्रार इतक्यांदा ऐकली, की गिऱ्हाईक गाडीतून उतरायच्या आत ती ओळखता येते: "स्टीयरिंग हातातून ओढून घेतंय." बहुतेक वेळा बिघाड स्टीयरिंगमध्ये नसतो. पुढच्या काचेमागचा कॅमेरा चुकीचं बघत असतो, आणि स्टीयरिंग त्याचं ऐकून प्रामाणिकपणे चुकीचं वागत असतं. गाडी लेनच्या रेषांमध्ये ठेवायला स्टीयरिंग आपोआप हलकंच वळवणारी ही यंत्रणा म्हणजे लेन असिस्ट. हे न कळल्यामुळे लोक दोन-दोनदा अलाइनमेंट करतात, टायर बदलतात, आणि ओढ तशीच राहते. म्हणून तपासणी कुठल्या क्रमाने करायची, ते इथे सांगतो.

लक्षणं

यातलं एखादं जुळत असेल तर पुढे वाचा.

- हायवेवर ताशी ६०-६५ किलोमीटरच्या पुढे गेल्यावर स्टीयरिंग एका बाजूला हलकंच खेचलं जातं. वेग कमी झाला की ओढ गायब होते.
- लेन बदलताना स्टीयरिंग जड लागतं, कुणीतरी उलटं धरून ठेवल्यासारखं.
- हात स्टीयरिंगवर असतानाही डॅशबोर्डवर "हात स्टीयरिंगवर ठेवा" असा इशारा येत राहतो.
- उजवी रेषा लांब असतानाच गाडी दचकते, पण डाव्या रेषेवर चाक चढलं तरी काही होत नाही. किंवा याच्या बरोबर उलट.
- लेनचं चिन्ह हिरवं होतं, विझतं, पुन्हा हिरवं होतं. स्वच्छ आखलेल्या रस्त्यावरही हेच चालू राहतं.
- पुढची काच बदलल्यापासून किंवा सस्पेन्शनचं काम केल्यापासून यातलं काहीतरी सुरू झालंय.

ओढ ताशी ३० च्या वेगातही, गल्लीतसुद्धा जाणवत असेल, तर ते लेन असिस्ट नव्हे. बहुतेक गाड्यांत ते ताशी ६० किलोमीटरच्या आसपास जागं होतं. कमी वेगातली ओढ म्हणजे टायर, ब्रेक किंवा अलाइनमेंट.

आत काय चालतं

आरशामागे काचेला चिकटवलेल्या पट्टीत एक कॅमेरा बसवलेला असतो. तो रस्त्यावरच्या रेषा शोधतो आणि तीन गोष्टी मोजतो: गाडी रेषेपासून किती लांब आहे, गाडीचं तोंड रेषेला किती तिरकं आहे, आणि पुढे रस्ता किती वळतोय. त्यावरून किती वळवायचं ते ठरतं आणि इलेक्ट्रिक पॉवर स्टीयरिंगच्या मोटरला तेवढा पीळ द्यायचा हुकूम जातो. पार्किंग करताना स्टीयरिंग हलकं करते तीच ही मोटर. लेनसाठी वेगळी मोटर नसते.

हा पीळ मुद्दाम कमी ठेवलेला असतो, साधारण २ ते ३ न्यूटन-मीटरच्या आसपास. स्टीयरिंगच्या कडेवर हाताला तो दीड किलो भाजीच्या पिशवीएवढा जाणवतो. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे, म्हणजे युनायटेड नेशन्सच्या नियम क्रमांक ७९ प्रमाणे, अशा यंत्रणेला चालकाने ५० न्यूटनपेक्षा जास्त जोर न लावता मोडून काढता आलं पाहिजे. म्हणजे फार तर ५ किलोचा जोर. लेन असिस्ट तुमच्या हातातून स्टीयरिंग हिसकावून घेऊ शकत नाही. पण तुम्ही सैल हाताने बसला असाल आणि त्याने अचानक ढकललं, तर माणूस दचकतो, आणि दचकून उलटं जोरात वळवतो. मला भीती वाटते ती या दचकण्याची.

तुमचा हात स्टीयरिंगवर आहे की नाही, हे बहुतेक गाड्या स्टीयरिंगच्या दांड्यातल्या एका बारीक सळईवरून ओळखतात. टॉर्शन बार म्हणतात तिला. तुम्ही स्टीयरिंग फिरवलंत की ती किंचित पिळते आणि सेन्सर तो पीळ मोजतो. हात नुसता टेकवलाय आणि रस्ता सरळ आहे, तर सळई पिळतच नाही, आणि गाडीला वाटतं हात नाही.

पहिली तपासणी: बटण बंद करून बघा

एक पैसा लागत नाही, आणि अर्धं निदान इथेच होतं. पहाटे, रस्ता रिकामा असताना, सपाट आणि सरळ तुकडा निवडा. लेन असिस्ट बंद करा, ताशी ७० वर जा, दोन्ही हात हलके ठेवून स्टीयरिंग काय करतंय ते बघा. मग तोच तुकडा लेन असिस्ट चालू करून परत चालवा.

बंद असताना गाडी सरळ आणि चालू असताना ओढते, तर दोष कॅमेऱ्याच्या बाजूला. दोन्ही वेळा ओढते, तर आधी टायर आणि अलाइनमेंट, कॅमेरा नंतर.

एक सावधगिरी मात्र हवी. आपल्याकडे पाणी वाहून जावं म्हणून डांबरी रस्त्याला सुमारे २ ते २.५ टक्के उतार दिलेला असतो. ३.५ मीटरच्या एका लेनमध्ये हा फरक ७ ते ९ सेंटिमीटरचा पडतो, आणि दुभाजक असलेल्या रस्त्यावर उतार बहुधा डावीकडे असतो. त्यामुळे हात हलके ठेवले की चांगली गाडीसुद्धा हळूहळू डावीकडे सरकते. हा दोष समजू नका. शंका असेल तर उतार वेगळा असलेल्या दुसऱ्या तुकड्यावर परत बघा. रस्ता बदलला की ओढही बदलते, तर ती रस्त्याची आहे.

दुसरी: इंडिकेटर द्या

हे लिहायला मला संकोच वाटतो, पण आमच्याकडे येणाऱ्या "स्टीयरिंग जड झालंय" या तक्रारींपैकी कितीतरी इथेच संपतात. इंडिकेटर न देता लेन बदलली, की गाडीला वाटतं तुम्ही डुलकी घेतलीत. ती परत आत ढकलते. इंडिकेटर दिलात की ती त्या बाजूचा विरोध सोडून देते. म्हणून दोन्ही बाजूंना इंडिकेटर देऊन पाच-पाच वेळा लेन बदला. तरीही जड वाटलं, तरच पुढे जा.

खड्डा, कुत्रं किंवा उलट्या दिशेने आलेला दुचाकीवाला चुकवताना इंडिकेटर द्यायला वेळ नसतो. तेव्हा गाडी किंचित विरोध करणारच. अशा वेळी हात सैल सोडू नका, ठामपणे वळवा. विरोध तो दीड किलोचाच असतो.

तिसरी: हात कसा धरता

"हात ठेवा" हा इशारा वारंवार येत असेल, तर दोन्ही हात घड्याळाच्या नऊ आणि तीनच्या जागी ठेवा आणि एका हाताचं किंचित वजन कडेवर पडू द्या. सळईला तेवढा पीळ पुरतो. काही नव्या गाड्यांत कडेच्या आत स्पर्श ओळखणारा थर असतो. तिथे जाड कव्हर चढवलं की तो थर आंधळा होतो, म्हणून आधी कव्हर काढून बघा. इशारा चुकवायला स्टीयरिंगला वजन लटकवणारे लोक मी पाहिलेत. कृपा करून असं करू नका. त्या वजनाने सळई सतत एका बाजूला पिळलेली राहते, आणि तुम्ही खरोखर झोपलात तरी गाडी गप्प बसते.

चौथी: कॅमेऱ्यासमोरची काच

इथे जरा थांबायला हवं, कारण सगळ्यात जास्त गाड्या इथेच सुधारतात.

बाहेरून आरशाच्या जागेकडे बघा. कॅमेऱ्यासमोर काळ्या ठिपक्यांच्या चौकटीत एक स्वच्छ खिडकी असते. ती खिडकी पूर्ण मोकळी हवी. माझ्या अनुभवात सगळ्यात मोठा गुन्हेगार म्हणजे फास्टॅग. टोलवाल्याला दिसावा म्हणून लोक तो आरशाच्या मागे, काचेच्या मधोमध चिकटवतात, आणि कॅमेराही तिथेच असतो. टॅग पूर्ण आड आला तर गाडी लगेच कॅमेरा झाकला गेल्याचा इशारा देते, आणि ते बरंच. त्रास होतो तो टॅगचा एखादा कोपरा त्या खिडकीच्या कडेला घुसतो तेव्हा. मग रेषा कधी दिसते, कधी नाही, आणि चिन्ह दिवसभर हिरवं-पांढरं होत राहतं. टॅग उचकटून दुसरीकडे चिकटवू नका, त्यातली चिप बहुधा खराब होते. टॅग देणाऱ्या बँकेकडून नवा मागवा आणि तो कंपनीच्या पुस्तकात दाखवलेल्या जागी लावा.

डॅशकॅमची वायर, आरशाला लटकवलेला हार, वरच्या बाजूला लावलेली सनस्क्रीनची पट्टी, यांचाही परिणाम तोच. डॅशबोर्डवर पांढरा रुमाल किंवा चकचकीत चटई पसरलेली असेल तर ती काढा. बडोद्याच्या मे महिन्यातल्या उन्हात तिचं प्रतिबिंब काचेत उमटतं, आणि कॅमेऱ्याला रस्त्याच्या रेषांवर एक दुसरी फिकट रेषा दिसू लागते.

आतून काचेवर तेलकट धुकं बसतं. ते डॅशबोर्डच्या प्लास्टिकमधून उन्हात उडालेल्या द्रव्यांचं असतं. आपल्या डोळ्यांना ते संध्याकाळीच जाणवतं, कॅमेऱ्याला मात्र दिवसभर. हे बाहेरून पुसून जात नाही. आतून मऊ कापड आणि काचेचा साधा क्लीनर वापरा, पण कॅमेऱ्याचं झाकण मात्र उघडू नका. झाकणाच्या आतल्या काचेवर धुकं असेल तर ते काम वर्कशॉपचं.

वायपरही बघा. त्याचं रबर कॅमेऱ्याच्या खिडकीवर पाण्याचा एक पट्टा सोडत असेल, तर पावसाळ्यात लेन असिस्ट अर्धा वेळ बंदच राहील. नवं रबर फार महाग नसतं.

पाचवी: हवा आणि वजन

चारही टायरांची हवा थंड असताना तपासा. दरवाजाच्या चौकटीवरच्या पट्टीत दिलेल्या आकड्याशी जुळवा, पंक्चरवाल्याच्या अंदाजाशी नको. एका पुढच्या टायरात चार-पाच पाउंड कमी असले की गाडी त्या बाजूला झुकू शकते. मग लेन असिस्ट ती सरळ ठेवायला सतत उलटा पीळ देत राहतं, आणि तुम्हाला तो पीळ "ओढ" म्हणून जाणवतो. डिकीत जड सामान भरलं की गाडीचं नाक वर जातं आणि कॅमेऱ्याची नजरही वर उचलली जाते. चार माणसं आणि सामान घेऊन गावाला जाताना लेन असिस्ट जरा बावचळलं, तर रिकाम्या गाडीत परत बघा.

सहावी: अलाइनमेंट आणि स्टीयरिंगचा शून्य

आता खर्च सुरू होतो. सरळ रस्त्यावर गाडी सरळ जातेय, पण स्टीयरिंगवरचं कंपनीचं चिन्ह तिरकं आहे का? तसं असेल तर स्टीयरिंगच्या कोनाचा सेन्सर आणि प्रत्यक्ष चाकं यांचा शून्य जुळत नाही. अलाइनमेंट करून झालं, पण सेन्सरचा शून्य नव्याने नोंदवला नाही, असं फार वेळा घडतं. गाडीला वाटतं आपण किंचित वळतोय, कॅमेरा म्हणतो रस्ता सरळ आहे, आणि दोघांचा मेळ बसवायला यंत्रणा पीळ देते. अलाइनमेंटवाल्याला आधीच विचारा, "स्टीयरिंग अँगल सेन्सर रीसेट करणार ना?" उत्तर "त्याची गरज नाही" असं आलं, तर दुसरीकडे जा.

चार चाकी अलाइनमेंटच करा. नुसती पुढची दोन चाकं जुळवून चालत नाही. मागची चाकं ज्या दिशेने ढकलतात, ती गाडीची खरी सरळ रेषा. थ्रस्ट लाइन म्हणतात तिला. कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन याच रेषेवरून होतं, म्हणून अलाइनमेंट आधी आणि कॅलिब्रेशन नंतर. हा क्रम उलटा झाला की कॅलिब्रेशन परत करावं लागतं.

सातवी: कॅलिब्रेशन, आणि दांडिया बाजारच्या काकांची गाडी

दांडिया बाजारात राहणारे एक काका दर आठवड्याला कामासाठी हालोलला जातात. समोरच्या ट्रकमागून दगड उडाला, पुढची काच तडकली, त्यांनी ती जवळच्या काचवाल्याकडे बदलून घेतली. तेव्हापासून गाडी डावीकडे ओढायला लागली. तीन आठवड्यांत दोनदा अलाइनमेंट, एकदा पुढचे टायर अदलाबदल. ओढ जशीच्या तशी. आमच्याकडे आले तेव्हा ते खरोखर वैतागलेले होते. "अहो, ही गाडी मला डाव्या बाजूच्या दुचाकीवाल्यांवर घालतेय," असं म्हणाले. ते घाबरले होते, आणि त्यांचं घाबरणं बरोबर होतं.

आम्ही वरच्याच क्रमाने गेलो. लेन असिस्ट बंद केलं: गाडी सरळ. म्हणजे चाकांचा प्रश्न मिटला. हवा: तीन टायरांत ३३ पाउंड, पुढच्या डाव्यात २९. भरली, फारसा फरक नाही. काच स्वच्छ, टॅग योग्य जागी.

मग दोन्ही बाजूंची तुलना केली. इंडिकेटर न देता, रिकाम्या रस्त्यावर, अगदी हळू उजव्या रेषेकडे सरकलो. रेषेपासून अजून बरंच अंतर होतं, तरी गाडीने डावीकडे ढकललं. मग डाव्या रेषेकडे सरकलो. चाक रेषेला लागलं, तरी ती गप्प. या असमानतेवरून उत्तर जवळजवळ कळलं: कॅमेऱ्याची नजर उजवीकडे वळलेली.

हे ऐकायला उलटं वाटतं, म्हणून सावकाश सांगतो. तुमची मान किंचित उजवीकडे वळलेली आहे आणि तुम्हाला ते माहीत नाही, असं समजा. मग समोरचा सरळ रस्ता तुम्हाला डावीकडे जाताना दिसेल. तुम्हाला वाटेल, आपलं तोंड उजवीकडे भरकटलंय, डावीकडे वळायला हवं. कॅमेऱ्यालाही तसंच वाटतं. म्हणून कॅमेरा उजवीकडे बघत असला की गाडी डावीकडे ओढते.

स्कॅनर जोडला. कॅमेरा जवळजवळ १ अंश उजवीकडे होता. १ अंश ऐकायला काहीच नाही. पण ३० मीटर पुढे तो सुमारे ५२ सेंटिमीटर होतो. आपल्या हायवेची लेन ३.५ मीटर, गाडी १.८ मीटर रुंद, म्हणजे मधोमध चालताना दोन्ही बाजूंना ८५ सेंटिमीटर मोकळी जागा. त्यातली ५२ सेंटिमीटर गाडीला चुकीच्या बाजूला दिसत होती. ताशी ८० वर गाडी सेकंदाला २२ मीटर जाते, म्हणजे ते ३० मीटर दीड सेकंदाच्या आत मागे पडतात.

पाव अंशासारखा बारीक फरक बऱ्याच गाड्या चालता चालता स्वतः शिकून दुरुस्त करतात. काच बदलल्यावर काही दिवसांत आपोआप बरं झालं असं कुणी सांगतं, त्याचं कारण हेच. पण ही शिकण्याची मर्यादा लहान असते. काकांची गाडी तिच्या बाहेर होती, आणि तीन आठवडे काय, तीन वर्षं चालवली असती तरी ती शिकली नसती.

दोष काचेत होता. कॅमेरा बसवायची पट्टी काचेला कारखान्यातच चिकटवलेली असते. या काचेवर ती एका टोकाला किंचित उचललेली होती. नखाच्या जाडीएवढी, पण कॅमेरा फिरवायला पुरेशी. पट्टी घट्ट बसलेली होती आणि दुरुस्ती सॉफ्टवेअरच्या मर्यादेत होती, म्हणून काच पुन्हा बदलावी लागली नाही. मर्यादेबाहेर असती तर गाडीने कॅलिब्रेशन नाकारलं असतं, आणि मग योग्य काच बसवण्याखेरीज उपाय नव्हता.

आधी अलाइनमेंट पडताळलं, स्टीयरिंगचा शून्य नोंदवला. मग स्थिर कॅलिब्रेशन: सपाट फरशी, चारही टायरांत बरोबर हवा, डिकी रिकामी, इंधन कंपनी सांगते तेवढं, दारं बंद, आत कुणी नाही. समोर ठरावीक अंतरावर आणि उंचीवर नक्षीची पाटी, तीही मागच्या चाकांवरून काढलेल्या मध्यरेषेवर लेसर लावून उभी केलेली. पाटी काही सेंटिमीटर सरकली तर सगळी मेहनत वाया. त्यानंतर अहमदाबाद एक्सप्रेसवेवर चालवून पडताळणी केली. तिथे रेषा स्वच्छ असतात आणि दुचाकींना बंदी आहे, म्हणून तोच तुकडा आम्ही निवडतो. परत येताना दोन्ही बाजूंना सारख्याच अंतरावर इशारा आला. शेजारच्या सीटवर बसलेल्या काकांनी तेव्हा कुठे खांदे सैल सोडले.

ज्या गाडीत कॅमेरा आहे तिची काच बदलली की कॅलिब्रेशन करायचंच, हे त्यांना काचवाल्याने सांगितलंच नव्हतं. तुम्ही काच बदलाल तेव्हा बिलावर "कॅमेरा कॅलिब्रेशन" हा शब्द आहे का, ते बघा. विम्याच्या दाव्यात हा खर्च मांडता येतो का, हेही काच बसवण्याआधीच विचारून घ्या.

कधी बंद करणं शहाणपणाचं

काही वेळा बटण बंद करणं हाच बरोबर निर्णय असतो. रुंदीकरण चालू असलेला रस्ता हे पहिलं उदाहरण. जुनी रेषा खरवडून काढलेली असते, तिचा पांढरट ओरखडा उरतो, आणि शेजारी नवी रेषा. कॅमेरा कधी एक धरतो, कधी दुसरी. बॅरिकेड लागल्यावर रस्ता एका बाजूला वळवलेला असतो, पण रेषा सरळ खड्ड्याकडे जात असते. तिथे यंत्रणेला मत मागू नका.

पावसाळ्यातली रात्र हे दुसरं. ओल्या डांबरावर समोरच्या दिव्यांचा लखलखाट पडतो, रेषा नाहीशा होतात, आणि भेगा बुजवायला ओतलेल्या डांबराच्या काळ्या पट्ट्या चमकून रेषेसारख्या दिसायला लागतात. त्या पट्ट्या वेड्यावाकड्या असतात आणि गाडी त्यांच्यामागे जायला बघते. संध्याकाळी हालोलहून बडोद्याकडे येताना मावळता सूर्य सरळ काचेत येतो. तेव्हाही चिन्ह सारखं विझत असेल तर बंद करून टाका.

रुंद नसलेल्या, फक्त कडेची रेषा असलेल्या रस्त्यावर समोरून ट्रक येतो आणि तुम्हाला मुद्दाम कडेवर जायचं असतं. तिथे आत ढकलणारा पीळ नको. छोटी स्टेपनी लावली असेल तेव्हा, मागे ट्रेलर जोडला असेल तेव्हा, आणि काच बदलल्यापासून कॅलिब्रेशन होईपर्यंतही बंदच ठेवा. रावपुरा किंवा मांडवीच्या गर्दीत मात्र बंद करायची काही गरज नाही. त्या वेगात ते तसंही गप्प असतं. जांबुवाच्या पुलाजवळच्या कोंडीतही तेच.

पण बंद करून विसरून जाऊ नका, विशेषतः ओढ हे कारण असेल तर. त्याच कॅमेऱ्यावरून बऱ्याच गाड्यांचं आपोआप ब्रेक लावणं आणि रात्री अप्पर-डिप्पर करणंही चालतं. लेन असिस्ट बंद केल्याने ते बंद होत नाही. तिरका कॅमेरा ब्रेकसाठीही तिरकाच बघतो. लेनचं बटण बंद केल्यामुळे लक्षण लपतं, दोष राहतो. बटण बंद करताना आपोआप ब्रेकचं सेटिंग चुकून बंद केलं नाही ना, हेही मेन्यूमध्ये एकदा बघून घ्या. आणि काही गाड्या प्रत्येक वेळी सुरू केल्यावर लेन असिस्ट पुन्हा चालू करतात, म्हणून निघताना चिन्ह बघायची सवय ठेवा.

इथे थांबा आणि जाणकाराकडे जा

डॅशबोर्डवर स्टीयरिंगचं चिन्ह आणि शेजारी उद्गारचिन्ह पेटलं, किंवा स्टीयरिंग अचानक जड झालं, तर ही लेन असिस्टची बाब राहिलेली नाही. गाडी बाजूला घ्या आणि वर्कशॉपला फोन करा. मोटर किंवा पीळ मोजणारा सेन्सर बिघडला असू शकतो, आणि त्याची दुरुस्ती घरी किंवा रस्त्याकडेच्या गॅरेजमध्ये होण्यासारखी नाही.

लेन असिस्ट बंद असतानाही स्टीयरिंग आपोआप पीळ देत असेल, तरी तेच. गाडी चालवत नेऊ नका, टो करून न्या.

कॅमेऱ्याच्या खिडकीत तडा असेल तर तो भरून घेऊ नका. भरलेल्या जागेतून प्रकाश वाकतो. काच बदला आणि कॅलिब्रेशन करा. कॅमेरा स्वतः काढून साफ करू नका. तो परत बसवताना १ अंश चुकणं फार सोपं आहे, आणि त्या १ अंशाने काय होतं ते वर आलंच आहे.

अपघातात पुढचा भाग, सस्पेन्शन किंवा काच हलली असेल, किंवा स्प्रिंग बदलून गाडीची उंची बदलली असेल, तर पहिल्या पाच पायऱ्यांत वेळ घालवू नका. सरळ चार चाकी अलाइनमेंट आणि कॅलिब्रेशन एकाच ठिकाणी, एकाच दिवशी करून घ्या. काम झाल्यावर स्कॅनरचा आधीचा आणि नंतरचा अहवाल छापून मागा, आणि गाडी ताब्यात घेण्याआधी मेकॅनिकला शेजारी बसवून हायवेवर दोन्ही रेषांकडे एकेकदा सरकून बघा. दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर इशारा आला, की पैसे द्या.